शिकताना अर्धे नेटवर्क, उत्तर देताना पूर्ण

न्यूरल नेटवर्क शिकवणाऱ्याच्या स्क्रीनवर दोन रेषा कायम असतात. एक ट्रेनिंग लॉसची. ज्या नमुन्यांवरून नेटवर्क शिकते आहे त्यांवर ते किती चुकते, हे ती दाखवते. दुसरी व्हॅलिडेशन लॉसची. बाजूला काढून ठेवलेल्या, शिकताना कधीच न दाखवलेल्या नमुन्यांवर ते किती चुकते, हे तिच्यावरून कळते. पाहिलेल्या नमुन्यांवर चुका कमी आणि न पाहिलेल्यांवर जास्त, अशी आपली साधी अपेक्षा असते. पण नेटवर्कमध्ये ड्रॉपआउट घातला की बरेचदा उलटेच दिसते. व्हॅलिडेशनची रेषा खाली आणि ट्रेनिंगची वर, तीही कितीतरी इपॉक सलग. नवीन माणूस मग डेटाची सरमिसळ झाली का, व्हॅलिडेशनचे नमुने चुकून सोपे निवडले गेले का, असे शोधत बसतो. बहुतेक वेळा तिथे काहीच सापडत नाही. त्या दोन रेषा एकाच नेटवर्कच्या नसतात, एवढेच खरे कारण असते. ड्रॉपआउट असलेले नेटवर्क शिकताना एक असते आणि उत्तर देताना दुसरे. हा फरक नीट कळला की ड्रॉपआउटही कळतो, आणि त्याच्या जोडीने वापरले जाणारे अर्ली स्टॉपिंग कुठे फसते तेही कळते.

हातात धरायला एक खरा डेटासेट घेऊ. २०१५ साली नेपाळमधल्या संशोधकांनी हाताने लिहिलेल्या देवनागरी अक्षरांचा एक संच प्रसिद्ध केला. त्यात क पासून ज्ञ पर्यंतची ३६ व्यंजने आणि १० अंक, असे ४६ वर्ग आहेत. प्रत्येक वर्गाची २,००० चित्रे, म्हणजे एकूण ९२,००० चित्रे. प्रत्येक चित्र ३२ × ३२ पिक्सेलचे, करड्या छटांचे. ७८,२०० चित्रे शिकवण्यासाठी आणि १३,८०० शेवटच्या परीक्षेसाठी राखलेली आहेत. संचासोबतच्या शोधनिबंधातही ड्रॉपआउटचा उपयोग हाच एक मुख्य विषय होता, म्हणून आपल्या कामाला हे उदाहरण चांगले आहे.

यासाठी आपण अगदी साधे नेटवर्क बांधू. १,०२४ पिक्सेल आत येतात, मग ५१२ न्यूरॉनचे दोन थर, आणि शेवटी ४६ वर्गांसाठी ४६ आकडे बाहेर पडतात. जोडण्यांवरचे सगळे वेट्स, बायस धरून, मोजले तर ८,११,०५४ भरतात. शिकवायच्या चित्रांपैकी दहा टक्के व्हॅलिडेशनसाठी काढले की उरतात ७०,३८०. म्हणजे एका चित्रामागे साधारण साडेअकरा वेट्स. एवढी मोकळीक असली की नेटवर्क अक्षराचे वळण शिकतेच, पण त्याखेरीज अमक्या चित्रात डाव्या कोपऱ्यात शाईचा ठिपका आहे, तमक्यात शिरोरेषा जरा तुटली आहे, असल्या फुटकळ गोष्टीही लक्षात ठेवते. यालाच ओव्हरफिटिंग म्हणतात. ते आवरणाऱ्या सगळ्या उपायांना मिळून रेग्युलरायझेशन म्हणतात. त्यातले दोन उपाय इथे पाहायचे आहेत.

आधी सोपा उपाय. नेटवर्क सुरुवातीच्या इपॉकमध्ये ठळक गोष्टी शिकते आणि फुटकळ गोष्टी नंतर. त्यामुळे ट्रेनिंग लॉस उतरतच राहतो, पण व्हॅलिडेशन लॉस काही काळ उतरून मग चढू लागतो. जिथे तो सर्वांत खाली होता तिथले वेट्स ठेवायचे आणि पुढचे सोडून द्यायचे, हे अर्ली स्टॉपिंग. ऐकायला ही फक्त वेळेची काटकसर वाटते. त्याने ओव्हरफिटिंग का आटोक्यात येते, ते एका छोट्या हिशेबात दिसते.

समजा लॉसचा आकार सोप्या वाटीसारखा आहे आणि त्यात वेट्सना सरकायला दोन दिशा आहेत. एक दिशा उताराची, डेटाने जोरात ओढलेली. तिची वक्रता १ धरू. दुसरी जवळजवळ सपाट, थोड्याच नमुन्यांनी किंचित ओढलेली. तिची वक्रता ०.०१. वेट्स शून्यापासून निघाले आहेत आणि लर्निंग रेट ०.१ आहे. दर पावलाला पहिल्या दिशेतले उरलेले अंतर ०.९ पट होते आणि दुसऱ्या दिशेतले ०.९९९ पट. ५० पावलांनंतर पहिल्या दिशेत मुक्कामापर्यंतचे ९९.५ टक्के अंतर कापून झालेले असते. दुसऱ्या दिशेत कापलेले अंतर फक्त ४.९ टक्के. तिथे थांबलो, तर डेटाने ठामपणे सांगितलेले जवळजवळ सगळे घेतले आणि कुजबुजत सांगितलेले जवळजवळ सगळे सोडले, असे होते. ही कुजबुज बहुतांशी त्या ठराविक नमुन्यांच्या योगायोगांची असते.

वेट्स मोठे होऊ नयेत म्हणून लॉसमध्ये दंड जोडण्याची जी जुनी पद्धत आहे, वेट डिके, तीही असेच करते. लर्निंग रेट आणि पावलांची संख्या यांचा गुणाकार उलटा केला की साधारण तेवढाच दंड होतो. इथे ०.१ गुणिले ५० म्हणजे ५, म्हणून दंड ०.२. तो लावून सपाट दिशेचे गणित केले तर ४.८ टक्के येते. ४.९ च्या अगदी शेजारी. उताराच्या दिशेत मात्र वेट डिके ८३ टक्क्यांवर अडवते, तेव्हा दोन्ही उपाय तंतोतंत एक नाहीत. पण घराणे एकच. पावलांची संख्या हीच इथे रेग्युलरायझेशनची मात्रा आहे.

अडचण येते ती कधी थांबायचे हे ठरवताना. पुस्तकातली व्हॅलिडेशनची रेषा एकदा उतरते आणि एकदा चढते. खरी रेषा खडबडीत असते. चढते, पुन्हा उतरते, कधी आधीच्या तळाच्याही खाली जाते. जर्मनीतले लुट्झ प्रेखेल्ट यांनी १९९८ साली याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. बारा प्रश्न, वेगवेगळ्या रचनांची नेटवर्क, थांबण्याचे अनेक नियम, असे १,२९६ वेळा शिकवून त्यांनी पाहिले. जास्त धीर धरणारे नियम सरासरीने साधारण ४ टक्के सुधारणा देत होते, पण त्यासाठी वेळ चौपट लागत होता. आजच्या लायब्ऱ्यांमध्ये हा धीर ‘पेशन्स’ नावाच्या आकड्याने सांगतात. सर्वांत चांगला आकडा मिळाल्यानंतर सुधारणेविना किती इपॉक वाट पाहायची, तो हा आकडा. केरासच्या `EarlyStopping` मध्ये तो न सांगितल्यास शून्य धरला जातो. शिवाय `restore_best_weights` हा पर्याय आपण होऊन लावल्याशिवाय लागत नाही. तो विसरला तर शिकवणे वेळेवर थांबते, पण हाती उरतात ते शेवटच्या इपॉकचे वेट्स, सर्वांत चांगल्या इपॉकचे नाहीत. पेशन्स १० असेल तर तळ मागे टाकून दहा इपॉक पुढे गेलेले नेटवर्क आपण वापरायला देतो, आणि नोंदीत मात्र तळाचा आकडा लिहितो.

आता ड्रॉपआउट. टोरांटो विद्यापीठातल्या जेफ्री हिंटन यांच्या गटाने २०१२ मध्ये ही कल्पना मांडली. नितीश श्रीवास्तव पहिले लेखक असलेला तिचा सविस्तर निबंध २०१४ मध्ये आला. शिकवताना दर वेळी, दर नमुन्यासाठी, थरातले काही न्यूरॉन नाणेफेक करून गप्प करायचे. त्यांचे आउटपुट शून्य धरायचे आणि बाकीच्यांवर काम भागवायचे. पुढच्या नमुन्याला नवी नाणेफेक. मधल्या थरांत अर्धे गप्प करायचे, आणि इनपुटमध्ये घालायचाच तर साधारण वीस टक्के, असे सुरुवातीचे प्रमाण होते.

हिंटन यांनी सांगितलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांच्या बँकेतले खिडकीवरचे कर्मचारी सारखे बदलत असत. बँकेला फसवायचे तर कर्मचाऱ्यांना संगनमत करावे लागेल, आणि सतत अदलाबदल झाली की संगनमत जमत नाही, असे त्यांच्या मनात आले. न्यूरॉनचेही असेच संगनमत होते. ड आणि ङ घ्या. दोघांत फरक एका टिंबाचा. एखादा न्यूरॉन ते टिंब ओळखायला शिकतो आणि बाकीचे त्याच्या जिवावर निर्धास्त होतात. दुसरा एखादा न्यूरॉन पहिल्याची ठराविक चूक तेवढी दुरुस्त करायला शिकतो आणि एरवी निरुपयोगी असतो. शिकवलेल्या चित्रांवर ही साखळी बिनचूक चालते. टिंब जरा सरकले की सगळी साखळी एकदम कोसळते. टिंब ओळखणारा न्यूरॉन निम्म्या वेळा गैरहजर राहणार असेल, तर बाकीच्यांना ङ ची आणखी काही खूण शोधावी लागते, आणि टिंबाची दखल घेणारे एकाहून अधिक न्यूरॉन तयार होतात.

इनपुटमध्ये प्रमाण कमी का ठेवतात, तेही याच टिंबावरून कळते. ३२ पिक्सेलच्या चित्रात टिंब चार पिक्सेलचे आहे असे धरू. वीस टक्के पिक्सेल पुसले तर चारही एकदम पुसले जाण्याची शक्यता ०.२ चा चौथा घात, म्हणजे हजारात दीडदोन. पन्नास टक्के पुसले तर सोळात एक. तेव्हा दर सोळाव्या ङ ला आपण अक्षरशः ड करून दाखवतो आणि वर ‘हा ङ आहे’ असे शिकवतो.

फायदा किती झाला? अंक ओळखण्याच्या एमनिस्ट संचावर, चित्रांच्या कुठल्याही खास युक्त्या न लावता, साध्या नेटवर्कच्या १०,००० पैकी १६० चुका हा तोवरचा सर्वोत्तम प्रसिद्ध आकडा होता. मधल्या थरांत ड्रॉपआउट आणि वेट्सच्या आकारावर मर्यादा घातल्यावर तो साधारण १३० वर आला, आणि इनपुटचे वीस टक्के पिक्सेलही गाळल्यावर ११० च्या आसपास. २०१२ मध्येच चित्रे ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत बाजी मारणाऱ्या अ‍ॅलेक्सनेटमध्येही शेवटच्या पूर्ण जोडलेल्या थरांपैकी दोघांत ५० टक्के ड्रॉपआउट होता. त्याच्याशिवाय बरेच ओव्हरफिटिंग होते आणि त्याच्यामुळे शिकायला साधारण दुप्पट फेऱ्या लागतात, या दोन्ही गोष्टी लेखकांनी लिहून ठेवल्या आहेत. ही दुप्पट फेऱ्यांची गोष्ट पुढे लागणार आहे.

शिकवून झाले. आता नेटवर्कला नवे अक्षर दाखवून उत्तर मागायचे. नाणेफेक चालू ठेवली तर एकाच अक्षराला एकदा ड आणि एकदा ङ असे उत्तर मिळू शकेल. ती बंद केली तर दुसराच प्रश्न उभा राहतो. तो आकड्यांत पाहू. एका न्यूरॉनला मागच्या थरातल्या चार न्यूरॉनकडून १, २, ३ आणि उणे २ असे येते. सगळे हजर असले तर बेरीज ४. ड्रॉपआउट ५० टक्के असेल तर चौघांच्या हजेरी-गैरहजेरीचे १६ प्रकार होतात, आणि त्या सोळा बेरजांची सरासरी येते २. म्हणजे या न्यूरॉनला शिकताना सरासरी २ ची सवय झाली. त्याच्या पुढचे सगळे वेट्स त्याच मापावर बसले. परीक्षेत नाणेफेक बंद केली आणि त्याच्यापुढे एकदम ४ आले. थरामागून थर हे दुपटीचे माप वाढत जाते आणि नेटवर्क भलतेच उत्तर देते.

मूळ निबंधातला उपाय असा. परीक्षेच्या वेळी सगळे न्यूरॉन हजर ठेवा आणि त्यांच्या पुढचे वेट्स हजेरीच्या प्रमाणाने गुणा. इथे ०.५ ने. चारचे दोन झाले, माप जुळले. आजच्या लायब्ऱ्या हेच उलट्या बाजूने करतात. शिकवतानाच, हजर राहिलेल्या न्यूरॉनचे आउटपुट ०.५ ने भागतात, म्हणजे दुप्पट करतात. मग शिकतानाची सरासरी मुळातच ४ होते, आणि परीक्षेत काहीही न करता, थर जणू नाहीच असे समजून, ४ येते. याला इन्व्हर्टेड ड्रॉपआउट म्हणतात. पसंती त्याला मिळाली ती सोयीमुळे. शिकून तयार झालेले नेटवर्क पुढे जो कोणी वापरेल, त्याला ड्रॉपआउटचे प्रमाण माहीत असण्याची गरज उरत नाही.

प्रमाण सांगण्याच्या दोन चाली मात्र अजून लोकांना गोत्यात आणतात. २०१४ च्या निबंधात आणि जुन्या टेन्सरफ्लोमध्ये दिलेला आकडा हजर ठेवण्याचा आहे. पायटॉर्चमध्ये तो गाळण्याचा आहे. जुन्या कोडमधला ०.८ तसाच उचलून `nn.Dropout(0.8)` लिहिले, तर वीसऐवजी ऐंशी टक्के न्यूरॉन गप्प होतात. नेटवर्क शिकते, पण रडतखडत, आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

परीक्षेत पूर्ण नेटवर्क वापरणे म्हणजे नेमके काय करणे, याकडे थोडे थांबून पाहायला हवे. आपल्या नेटवर्कमध्ये मधले न्यूरॉन १,०२४ आहेत. हजेरी-गैरहजेरीचे प्रकार २ चा १,०२४ वा घात. शिकवताना आपण या अफाट संख्येच्या विरळ नेटवर्कपैकी एकेकाला घटकाभर शिकवत गेलो, आणि सगळ्यांचे वेट्स सामाईक ठेवले. खरे उत्तर हवे असेल तर या सगळ्यांना विचारून सरासरी काढायला हवी. ते अशक्य आहे. म्हणून त्या सरासरीच्या जागी आपण एकच पूर्ण नेटवर्क ठेवतो. एकच मधला थर आणि शेवटी सॉफ्टमॅक्स असेल, तर हा बदल अचूक असतो. सगळ्या विरळ नेटवर्कच्या संभाव्यतांचा गुणोत्तर मध्य काढून जे येईल तेच पूर्ण नेटवर्क देते. थर वाढले की ते फक्त अंदाजापुरते उरते.

कुठे फरक पडतो ते वरच्याच चार आकड्यांत दिसते. त्या न्यूरॉनवर रेलू आहे, म्हणजे ऋण आकडा आला तर तो शून्य करतो, असे धरा. इन्व्हर्टेड पद्धतीत सोळा प्रकारांच्या बेरजा दुप्पट करून, त्यांतल्या ऋण बेरजा शून्य करून सरासरी काढली, तर ४.३७५ येते. परीक्षेत येते ४. आधी सरासरी काढून मग वाकवणे आणि आधी वाकवून मग सरासरी काढणे यांतला हा फरक आहे, आणि कुठल्याही गुणकाने तो पूर्ण भरून निघत नाही. प्रत्यक्षात तो चालून जातो. श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी एमनिस्टवर तपासले, तेव्हा खरोखर नाणेफेक करून काढलेली सरासरी या सोप्या पद्धतीच्या बरोबरीला यायला साधारण ५० विरळ नेटवर्क विचारावी लागली. त्यापुढे झालेला फायदा नाममात्र होता. पन्नासपट काम वाचवणारी ही तडजोड मला अतिशय देखणी वाटते.

आता कोड. पायटॉर्चमध्ये हे दोन अवतार `model.train()` आणि `model.eval()` या दोन हाकांनी बदलतात. अर्ली स्टॉपिंगसह शिकवण्याचा सांगाडा साधारण असा असतो:

```python
best, wait = float("inf"), 0
for epoch in range(max_epochs):
    model.train()
    train_one_epoch(model, train_loader)

    model.eval()
    with torch.no_grad():
        val = evaluate(model, val_loader)

    if val < best:
        best, wait = val, 0
        torch.save(model.state_dict(), "best.pt")
    else:
        wait += 1
        if wait == patience:
            break
```

यात `model.train()` लूपच्या आत आहे, हे मुद्दाम पाहावे. ती ओळ लूपच्या वर, एकदाच लिहिली असती तर पहिल्या इपॉकनंतर `eval()` ने ड्रॉपआउट बंद झाला असता आणि पुन्हा चालूच झाला नसता. कुठलीही एरर येत नाही. ट्रेनिंग लॉस तर पूर्वीपेक्षा भराभर उतरतो, त्यामुळे माणूस खूशही होतो. खूण एवढीच की ओव्हरफिटिंग ड्रॉपआउट नसल्यासारखे परत येते, आणि गाळण्याचे प्रमाण ०.२ केले काय अन् ०.६ केले काय, रेषा जवळजवळ तशाच राहतात.

उलटी चूक `eval()` विसरण्याची. `torch.no_grad()` लिहिले आहे म्हणजे झाले, असा गैरसमज फार पसरलेला आहे. ती ओळ फक्त उताराचा हिशेब ठेवणे थांबवते, ड्रॉपआउटला हातही लावत नाही. `F.dropout(x, 0.5)` असे थेट फंक्शन वापरणाऱ्यांची वाट आणखी निसरडी आहे. त्याचा `training` हा पर्याय न सांगितल्यास `True` असतो, म्हणून `model.eval()` म्हटल्यावरही ते न्यूरॉन गाळतच राहते. तिथे `training=self.training` असे स्पष्ट लिहावे लागते. तपासायची रीत सोपी आहे. तेच चित्र नेटवर्कला लागोपाठ दोनदा द्या. उत्तर देण्याच्या अवस्थेत सगळे आकडे तेच यायला हवेत. बदलले तर कुठेतरी नाणेफेक अजून चालू आहे. शिकण्याच्या अवस्थेत ते बदलायला हवेत. बदलले नाहीत तर ड्रॉपआउट लागूच झालेला नाही.

सुरुवातीचे कोडे आता सुटते. ट्रेनिंग लॉस मोजला जातो तो निम्मे न्यूरॉन गप्प असताना, अडखळणाऱ्या नेटवर्कवर. व्हॅलिडेशन लॉस मोजला जातो पूर्ण नेटवर्कवर. शिवाय ट्रेनिंगचा आकडा इपॉकभरातली सरासरी असतो, त्यात इपॉकच्या सुरुवातीचे कच्चे वेट्सही आले, आणि व्हॅलिडेशन होते ते इपॉक संपल्यावर. खरी तुलना हवी असेल तर शिकवण्याच्या नमुन्यांवरही `eval()` लावून एकदा लॉस मोजावा. बहुतेकदा तो व्हॅलिडेशनच्या खाली येतो, आणि मधले अंतर हेच ओव्हरफिटिंगचे खरे माप. ड्रॉपआउट चालू असतानाच्या रेषेवरून ‘ओव्हरफिटिंग अजिबात नाही’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, आणि तो रोज काढला जातो.

अर्ली स्टॉपिंगवर याचे दोन परिणाम होतात. व्हॅलिडेशनच्या वेळी चुकून ड्रॉपआउट चालू राहिला, तर व्हॅलिडेशनची रेषा वर सरकते आणि नाणेफेकीने हेलकावतेही. ‘सर्वांत खालचा आकडा’ मग सर्वांत चांगल्या वेट्सचा राहत नाही, ज्या इपॉकला नाणेफेक मनासारखी पडली त्याचा होतो. दुसरा परिणाम कोड बरोबर असतानाही होतो. ड्रॉपआउटने शिकणे हळू होते. अ‍ॅलेक्सनेटची दुप्पट फेऱ्यांची नोंद हीच. ड्रॉपआउटशिवाय ठरवलेला पेशन्स, समजा ५, तसाच ठेवून ड्रॉपआउट घातला, तर रेषा अजून उतरणीवर असतानाच एखाद्या सपाट टप्प्यावर शिकवणे थांबते. मग ‘ड्रॉपआउटने निकाल बिघडला’ अशी नोंद होते. खरे तर नेटवर्क अर्धवट शिकलेले असते. असे झाले की थांबलेल्या जागी `eval()` लावून मोजलेला ट्रेनिंग लॉस पाहावा. तोही वरच असेल तर पेशन्स वाढवावा, ड्रॉपआउटला हात लावू नये. दोन्ही उपाय एकाच रोगावरचे आहेत, म्हणून दोन्हींची भरपूर मात्रा एकदम दिली की नेटवर्क काही शिकतच नाही. माझा कल असा आहे की गाळण्याचे प्रमाण विचार करून ठरवावे आणि अर्ली स्टॉपिंगला सैल पेशन्स देऊन राखणदारापुरते ठेवावे.

बॅच नॉर्मलायझेशनशी ड्रॉपआउटचे जमत नाही, हे ऐकीव म्हणून बरेच जण सांगतात. त्याचे कारणही अवस्था बदलण्यातच आहे. इन्व्हर्टेड ड्रॉपआउट सरासरी जपतो, पण पसारा जपत नाही. सरासरी ० आणि व्हेरिअन्स १ असलेले आकडे ५० टक्के ड्रॉपआउटमधून गेले की शिकताना व्हेरिअन्स २ होते. पुढचा बॅच नॉर्मचा थर हे २ मनाशी नोंदवून ठेवतो. परीक्षेत ड्रॉपआउट जातो, येणाऱ्या आकड्यांचे व्हेरिअन्स पुन्हा १ होते, पण बॅच नॉर्म जुन्या नोंदीप्रमाणे दोनच्या वर्गमुळानेच भागतो. बाहेर पडते ०.५. अशा काही जोड्या एकामागे एक आल्या की मापे पार बिघडतात. २०१८ साली शियांग ली आणि सहकाऱ्यांनी ही गोष्ट मांडली आणि ड्रॉपआउट सगळ्या बॅच नॉर्म थरांच्या नंतरच ठेवावा, असा साधा मार्ग सुचवला.

परीक्षेत ड्रॉपआउट मुद्दाम चालू ठेवण्याचीही एक जागा आहे. केंब्रिजच्या यारिन गाल आणि झुबिन घाहरामानी यांनी २०१६ मध्ये दाखवले की एकाच नमुन्याला नाणेफेक चालू ठेवून अनेकदा उत्तर विचारले, तर उत्तरांच्या विखुरण्यावरून नेटवर्कच्या खात्रीचा अंदाज बांधता येतो. स्पष्ट लिहिलेला क पन्नासही वेळा क येईल. टिंब पुसट असलेला ङ तीस वेळा ङ आणि वीस वेळा ड आला, तर ते चित्र माणसाकडे पाठवावे. असे करताना फक्त ड्रॉपआउटचे थर शिकण्याच्या अवस्थेत ठेवायचे. अख्ख्या मॉडेलला `train()` म्हटले की बॅच नॉर्मही जागा होतो आणि समोरच्या बॅचवरून आकडे बदलू लागतो. विखुरणे किती दिसेल हे गाळण्याचे प्रमाण किती ठेवले यावरही अवलंबून असते, तेव्हा त्या आकड्याला खात्रीची टक्केवारी समजू नये.

मराठी वाचकासाठी इथे एक विशेष गोष्ट आहे. त्या ४६ वर्गांत ळ नाही. हे नेटवर्क मराठी अर्जांवर लावले तर प्रत्येक ळ कुठल्यातरी दुसऱ्या अक्षरात जाऊन बसणार. पन्नास वेळा विचारल्यावर उत्तरे विखुरतील अशी आशा आहे, पण हमी नाही. तो पन्नास वेळा एकाच चुकीच्या अक्षरातही जाऊ शकतो. ड्रॉपआउट आणि अर्ली स्टॉपिंग दोन्ही, आहे त्या डेटातून काय घ्यायचे नाही एवढेच ठरवतात. ळ हवा असेल तर ळ ची चित्रेच गोळा करावी लागतील.

आणि जिथे डेटा नेटवर्कच्या पाठांतराच्या आवाक्याबाहेर असतो, तिथे या उपायांची गरजच घटते. आपल्या संचातले एकेक चित्र नेटवर्क डझनावारी इपॉकमध्ये पुनःपुन्हा पाहते. मोठी भाषिक मॉडेल्स बहुतेक मजकूर एकदाच वाचतात. गूगलच्या २०२२ सालच्या पाम मॉडेलचे मुख्य शिक्षण म्हणूनच ड्रॉपआउटशिवाय झाले. पुढे ठराविक कामांसाठी, थोड्या नमुन्यांवर पुन्हा पुन्हा शिकवण्याची वेळ आली तेव्हा मात्र, बहुतेक ठिकाणी, ०.१ चा ड्रॉपआउट परत घातला गेला.